दुसरी रेघ उशिरा का उमटते?

दिवाळीच्या आगेमागे नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. उचल आधीच घेतलेली असते, निघायचा दिवस मुकादम ठरवतो आणि ट्रॅक्टर दारात येऊन उभा राहतो. अशा वेळी पाळी लांबलेली एखादी सून निघण्याच्या आदल्या दिवशी आशाताईंकडून किंवा मेडिकलमधून तपासणीची पट्टी आणते. एकच रेघ येते. ‘काही नाही’ म्हणून ती निश्चिंत होते आणि दुसऱ्या दिवशी डोक्यावर मोळी घेते. तिची पट्टी खोटं बोललेली नसते, पण तिला विचारलेला प्रश्न वेळेआधीचा असू शकतो. हे ‘वेळेआधी’ म्हणजे किती, ते तारखा मांडून पाहू.

ही पट्टी ज्या द्रव्याचा शोध घेते त्याचं लांबलचक नाव ह्यूमन कोरिऑनिक गोनॅडोट्रोपिन. डॉक्टर आणि लॅबवाले त्याला एचसीजी म्हणतात. गर्भ राहिला की हे संप्रेरक लगेच आईच्या रक्तात येतं, असा एक मोठा गैरसमज आहे. स्त्रीबीज आणि शुक्राणू यांचं मीलन बीजवाहिनीत होतं. तिथून गर्भ हळूहळू गर्भाशयाकडे सरकतो आणि सहसा स्त्रीबीज सुटल्यानंतर 8 ते 10 दिवसांनी गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो. कधी त्याआधी, कधी बाराव्या दिवसापर्यंत. रुजल्यावर त्याच्या बाहेरच्या पेशी, ज्यांतून पुढे वार तयार होते, एचसीजी आईच्या रक्तात सोडू लागतात. त्याआधी पट्टीला सापडेल असं काही नसतंच.

या संप्रेरकाचं पहिलं काम एक निरोप पोहोचवणं. स्त्रीबीज सुटून गेल्यावर अंडाशयात जो पिवळसर पिंड उरतो, तो प्रोजेस्टेरॉन तयार करून गर्भाशयाचं अस्तर सांभाळतो. निरोप आला नाही तर साधारण दोन आठवड्यांत तो सुकतो, अस्तर सुटतं आणि पाळी येते. एचसीजी त्याला सांगतं की थांब, काम चालू ठेव. म्हणजे पाळी अडवणारा आणि पट्टीवर दुसरी रेघ आणणारा निरोप एकच. म्हणूनच पाळी चुकण्याची तारीख आणि पट्टी बोलू लागण्याची तारीख इतक्या जवळ येतात.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, जळकोट तालुक्यातल्या एका बाईची पाळी 1 ऑक्टोबरला आली आणि तिचं चक्र नेमकं 28 दिवसांचं आहे. स्त्रीबीज 15 तारखेला सुटलं. गर्भ नवव्या दिवशी, म्हणजे 24 तारखेला रुजला. 26 तारखेला रक्तात एचसीजी लिटरमागे 5 एकके आहे असं धरू. सुरुवातीला ते साधारण दर दोन दिवसांनी दुप्पट होतं. 28 तारखेला 10, 30 तारखेला 20, 1 नोव्हेंबरला 40, 5 नोव्हेंबरला 160. लघवीतलं प्रमाण रक्ताच्या मागोमाग वाढतं. बाजारातल्या बऱ्याच पट्ट्या 25 एककांच्या आसपास रेघ दाखवतात. तिची पाळी यायची होती 29 ऑक्टोबरला. त्या दिवशी पट्टीवर एकच रेघ, 30 तारखेलाही एकच. 1 नोव्हेंबरला मात्र दुसरी रेघ दिसते आणि 5 तारखेला ती ठळक होते. पोटात काही वेगळं घडलेलं नाही, फक्त आकडा पट्टीच्या उंबऱ्यावरून आत आला.

हे झालं घड्याळासारखं चालणाऱ्या चक्राचं. कष्ट, आजारपण, कमी खाणं, वजनातला फरक यांनी स्त्रीबीज सुटण्याचा दिवस पुढे जाऊ शकतो. त्याच बाईचं स्त्रीबीज 15 ऐवजी 25 ऑक्टोबरला सुटलं असं समजा. तिच्या हिशोबाने 29 तारखेला पाळी चुकली, म्हणून 2 नोव्हेंबरला तिने तपासणी केली. त्या दिवशी गर्भ अजून रुजलेलाही नाही! तो 3 तारखेला रुजणार, 5 तारखेला 5 एकके होणार आणि पट्टी 10-11 तारखेच्या सुमारास बोलणार. ज्या बाईची पाळी मागेपुढे होते तिने एका नकारावर विसंबू नये, ते याचसाठी. पाळी न येता आठवडा गेला की तपासणी पुन्हा करावी.

पट्टीच्या आत काय घडतं तेही पाहण्यासारखं आहे. लघवीचे थेंब कागदातून सरकताना वाटेत रंगीत कण भेटतात. त्या कणांवर एचसीजीला धरणारी प्रतिपिंडे असतात. पुढे ‘T’ जवळ दुसरी प्रतिपिंडे कागदावर पक्की बसवलेली असतात. ती त्याच एचसीजीला दुसऱ्या बाजूने पकडतात आणि रंग तिथे साठून रेघ दिसते. ‘C’ ची रेघ एवढंच सांगते की लघवी शेवटपर्यंत पोहोचली आणि पट्टी चालते आहे. ‘C’ आलीच नाही तर ती तपासणी बाद. 1927 च्या सुमारास बर्लिनमध्ये आशहाइम आणि त्सोंडेक यांना हेच उत्तर मिळवायला बाईची लघवी उंदरांच्या लहान माद्यांना टोचून त्यांची अंडाशयं तपासावी लागत होती. 1972 मध्ये अमेरिकेत व्हायटुकायटिस, ब्राउनस्टीन आणि रॉस यांनी एचसीजीचा बीटा हा भाग नेमका ओळखणारी रक्ततपासणी मांडली. तोपर्यंत त्याच्यासारखंच दिसणारं, स्त्रीबीज सोडवणारं दुसरं संप्रेरक तपासणीत गोंधळ करत असे.

सकाळची पहिली लघवी घ्या म्हणतात, कारण रात्रभर पाणी न प्यायल्याने ती दाट असते. दुपारी तांब्याने पाणी पिऊन केलेल्या तपासणीत तेच एचसीजी पाण्यात विरतं आणि 30 चा आकडा 25 च्या खाली जाऊ शकतो. पट्टी वाचायची वेळ पाकिटावर दिलेली असते, बहुतेकदा पाच मिनिटांच्या आसपास. तेवढ्यात आलेली रेघ फिकट असली तरी ती रेघच. पट्टी तशीच ठेवून तासाभराने दिसणारी करडी खूण मात्र वाळल्याची असू शकते, ती मोजू नये.

होकारालाही मर्यादा आहेत. गर्भपात झाल्यावर एचसीजी रक्तातून जायला काही आठवडे लागतात, तोवर रेघ येत राहते. मूल व्हावं म्हणून एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल तर दहा-बारा दिवस पट्टीवर भरवसा नाही. कधी फिकट रेघ येते आणि चार दिवसांनी पाळीही येते. गर्भ रुजला, पण टिकला नाही, असं ते असतं. फार लवकर तपासणी केली की हे कळतं, एरवी ती पाळी उशिराची म्हणून निघून जाते. आणि पट्टी जागा सांगत नाही. गर्भ बीजवाहिनीतच रुजला तरीही दुसरी रेघ येते. अशा वेळी एचसीजी बहुधा मंद गतीने वाढतं, म्हणून डॉक्टर 48 तासांच्या अंतराने दोनदा रक्त तपासून आकड्याची चाल पाहतात आणि सोनोग्राफी करतात. दुसरी रेघ आली आणि एका बाजूला पोट दुखतंय, अंगावरून रक्त जातंय किंवा चक्कर येतेय, तर ते पाळीचं दुखणं समजून फडात थांबू नका. बीजवाहिनी फुटली तर वेळ फार कमी असतो.

निघण्याआधी एक रेघ आलेल्या बाईला माझी एकच विनंती. आशाताईंकडून दुसरी पट्टी मागून घ्या, ती मोफत मिळते. गाठोड्यात ठेवा, पाळी आली नाही तर आठ दिवसांनी सकाळी कोपीवरच तपासणी करा, आणि तोवर मोळी उचलायचं काम दुसऱ्याला द्या.