फी कशावर मोजायची?

समजा, पुण्यातला टू बीएचके फ्लॅट आहे, कार्पेट ७०० चौरस फूट, आणि फर्निचर, फॉल्स सीलिंग, वायरिंग धरून कामाचा अंदाज १२ लाखांचा. डिझायनरने १० टक्के मागितले तर फी होते १ लाख २० हजार. पुढे लॅमिनेटऐवजी व्हिनियर निवडलं आणि खर्च १५ लाखांवर गेला, की फीही दीड लाख होते. ड्रॉइंग मात्र जवळपास तेच असतं. त्यामुळे टक्केवारीत फ्रिज, टीव्ही, एसी धरायचे की नाही, हे आधीच लिहून घ्यावं. तुम्ही स्वतः दुकानातून आणलेल्या फ्रिजवर डिझायनरला १० टक्के कशाला?

चौरस फुटाच्या दरात खर्च वाढला तरी फी हलत नाही. इथे खरी मेख क्षेत्रफळात असते. १५० रुपये दराने कार्पेटवर १ लाख ५ हजार होतात. बिल्डरने सांगितलेल्या ९५० फुटांच्या सेलेबल एरियावर तेच १ लाख ४२ हजार ५०० होतात. शिवाय रिकामी बाल्कनी आणि ओट्या-ट्रॉल्यांचं किचकट स्वयंपाकघर यांना एकच दर लागतो.

एकरकमी फी ऐकायला सुटसुटीत वाटते, पण त्यात ड्रॉइंग किती वेळा बदलून मिळणार आणि साइटवर किती फेऱ्या होणार, हे ठरलेलं असावं. नाहीतर सुतार चुकीच्या उंचीवर लॉफ्ट ठोकतो आणि डिझायनर म्हणतो, ‘फेऱ्या संपल्या.’ घराचं काम आधीच नक्की असेल तर मी हीच पद्धत निवडेन, पैसे मात्र टप्प्याटप्प्याने देईन.