दोन हजारांचं बिल, बारा पॉइंट

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने पॉइंटचं कार्ड सुरू केलं की गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे मला नक्की किती मिळणार?" याचं उत्तर व्हॉट्सॲपवरच्या पाऊण मिनिटाच्या व्हिडिओत देता येतं. त्यात नियमांची यादी वाचायची नाही. एकाच गिऱ्हाइकाचं एकच बिल घ्यायचं आणि पैसे वळते होईपर्यंत त्याचा पाठपुरावा करायचा.

समजा, योजना अशी आहे: शंभर रुपयांच्या खरेदीला एक पॉइंट, एका पॉइंटचा एक रुपया, आणि ५० पॉइंट झाले की पुढच्या बिलातून वजा. दूध, साखर आणि तेल यांत दुकानदाराला फार थोडं सुटतं, म्हणून त्यांवर पॉइंट नाहीत.

पहिल्या दृश्यात काउंटरवर एका काकूंचं महिन्याचं बिल दिसतं, २,००० रुपये. दुकानदार पेनाने दूध, साखर, तेलाच्या ओळींवर रेघ मारतो. त्यांचे ७५० गेले, उरले १,२५०. कार्डावर १२ पॉइंट चढतात.

वरच्या ५० रुपयांचं काय? योजना इथेच फसते. ते सोडून दिले, तर दरमहा तेवढीच खरेदी करणाऱ्या काकूंचे चार महिन्यांत ४८ पॉइंट होतात आणि दोन पॉइंटांसाठी सवलत हुकते. तेच ५० रुपये पुढच्या बिलात धरले, तर ५,००० रुपयांचे बरोबर ५० पॉइंट होतात. रोज ऐंशी-नव्वद रुपयांचं सामान नेणाऱ्याला तर सुटे रुपये पुढे न धरल्यास एकही पॉइंट मिळणार नाही. म्हणून कार्डावर पॉइंटशेजारी ‘शिल्लक रुपये’ असा रकाना हवा, आणि त्यात ५० लिहिताना कॅमेरा जवळ न्यायला हवा.

शेवटच्या दृश्यात पाचव्या महिन्याचं बिल: २,००० वजा ५०, द्यायचे १,९५०. चार महिन्यांच्या आठ हजारांच्या खरेदीवर पन्नास रुपये, हे लपवायचं कारण नाही. मोठ्या सवलतीची आशा लावली, तर काउंटरवर वाद होतात.

बरेच जण आवाज बंद ठेवून व्हिडिओ बघतात, म्हणून प्रत्येक आकडा पडद्यावर ठळक यावा. कार्डावरचा मोबाइल नंबर मात्र झाकावा.

व्हिडिओ सगळ्यांना पाठवण्याआधी योजना माहीत नसलेल्या एखाद्या गिऱ्हाइकाला दाखवावा आणि विचारावं: ९०० रुपयांचं बिल, त्यात ३०० चं तेल, तर पॉइंट किती? उत्तर सहा आलं, तर काम झालं. नऊ आलं, तर रेघ मारण्याचं दृश्य फार घाईत उरकलंय. तेवढंच पुन्हा, सावकाश चित्रित करावं.