पाण्याची टाकी : काही रूढ समज आणि वस्तुस्थिती

टाक्यांच्या स्वच्छतेच्या व्यवसायानिमित्त आमचा अनेक श्रावक कुटुंबांशी परिचय होतो. टाकी धुण्याचा विषय निघाला की घरातील वडीलधारी मंडळी बहुधा एकच उत्तर देतात : "आमच्याकडे पाणी गाळून, उकळूनच पितात. टाकीची एवढी चिंता कशाला?" उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. उकळल्याने पिण्याचे पाणी निर्धोक होते. परंतु दात घासणे, भाजी धुणे, ताटवाट्या विसळणे, लहान मुलांची आंघोळ हे सर्व टाकीच्या पाण्यानेच होते आणि ते कोणी उकळत नाही. नळाला बांधलेल्या दुहेरी छन्न्याचेही तसेच. डासांच्या अळ्या, गंजाचे कण, वाळू, शेवाळाचे तुकडे तो उत्तम अडवतो. पण जिवाणूंचा आकार मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतो आणि ते कापडाच्या विणीतून सहज पार होतात. दिवसभर नळालाच ओला राहिलेला छन्ना तर स्वतःच दूषित होतो. तो वेळेवर धुऊन उन्हात वाळवण्याची जुनी रीत म्हणूनच सोडू नये.

सर्वांत पक्का रुजलेला समज असा, की पाणी नितळ दिसते म्हणजे टाकी स्वच्छ आहे. टाकीतून घरात जाणारी नळी तळाला टेकलेली नसते. ती तळापासून काही बोटे वर बसवलेली असते. त्यामुळे गाळ खाली शांत पडून राहतो आणि वरचे नितळ पाणी घरात येते. टाकी जवळजवळ रिकामी झाल्यावर किंवा जोराच्या धारेने भरताना तो गाळ ढवळला जातो, तेव्हाच पाणी गढूळ दिसते. दहा मिनिटांत ते पुन्हा निवळते आणि आपण नगरपालिकेला दोष देऊन मोकळे होतो. भिंतींवर धरलेला बुळबुळीत थर तर पाण्याच्या रंगावरून कधीच कळत नाही. बोट फिरवले आणि ते घसरले, की थर आहे असे समजावे.

आता ब्लीचिंग पावडरीकडे वळू. महिन्याकाठी मूठभर पावडर भरलेल्या टाकीत टाकली की काम झाले, असे मानणारी घरे पुष्कळ आहेत. पावडरीतील क्लोरीन जंतू मारतो हे खरे. पण तो जंतू आणि घाण असा भेद करीत नाही. गाळातील सेंद्रिय पदार्थ, शेवाळ, भिंतीवरचा थर यांच्याशी त्याचा संयोग होतो आणि त्यातच तो खर्ची पडतो. थराच्या वरच्या पापुद्र्यावरील जंतू मरतात, आतले सुरक्षित राहतात आणि काही दिवसांत पुन्हा वाढतात.

आमच्या कामातील एक उदाहरण सांगतो. एका बंगल्यात सकाळच्या पहिल्या पाण्याला वास येत असे. तळघरातील टाकी तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद. गच्चीवर हजार लिटरची प्लास्टिकची टाकी. पावडर नियमाने टाकली जात होती. नव्याने पाणी भरल्यावर आम्ही तीन ठिकाणचे नमुने घेतले. पाण्यातील क्लोरीन तपासण्याची छोटी पेटी बाजारात मिळते. बाटलीतील पाण्यात गोळी विरघळवली की क्लोरीन असल्यास गुलाबी रंग येतो आणि तो तक्त्याशी जुळवून प्रमाण वाचायचे असते. नगरपालिकेच्या नळावर लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन मिळाला. तळघरातील टाकीत रंग जेमतेम उमटला. स्वयंपाकघरातील नळाच्या पाण्यात तो उमटलाच नाही. भारतीय मानकानुसार नळाच्या टोकाशी किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा. म्हणजे नगरपालिका योग्य पाणी देत होती आणि घरातील टाक्या त्यातले संरक्षण खाऊन टाकत होत्या.

तळघरातील टाकी उपसल्यावर तळाशी साधारण अडीच सेंटिमीटर गाळ निघाला. ऐकायला ते थोडे वाटते. पण सहा चौरस मीटर तळावर अडीच सेंटिमीटर म्हणजे दीडशे लिटर चिखल; पंधरा लिटरच्या दहा बादल्या. एवढ्या चिखलापुढे मूठभर पावडरीचा काय पाड लागणार? सफाईनंतर त्याच स्वयंपाकघरातील नळावर ०.३ मिलिग्रॅम क्लोरीन मिळाला, तोही वेगळी पावडर न टाकता.

या तपासणीला मर्यादाही आहे. पाणी चार-सहा दिवस साठून राहिले तर स्वच्छ टाकीतही क्लोरीन उतरतो. म्हणून नमुना ताज्या भरलेल्या पाण्याचाच घ्यावा. पाणी विंधनविहिरीचे असेल आणि त्यात मुळातच क्लोरीन नसेल, तर या तुलनेतून काहीच कळणार नाही.

खरी सफाई म्हणजे आधी घाण काढणे आणि मग निर्जंतुक करणे. हा क्रम उलटला की श्रम वाया गेले. टाकी रिकामी करून गाळ बादलीने किंवा चिखल ओढणाऱ्या पंपाने बाहेर काढावा. तो घराच्या नळ्यांतून वाहू देऊ नये. मग भिंती, तळ आणि झाकणाची आतली बाजू कडक ब्रशने घासावी. झाकण बहुतेक जण विसरतात. धुण्याची साबणपूड वापरू नये, तिचा फेस पूर्ण निघत नाही. फरशी घासण्याचे ॲसिड तर मुळीच नको. ब्लीचिंग पावडरीशी त्याचा संबंध आल्यास क्लोरीनचा विषारी वायू सुटतो आणि बंद टाकीत तो जीवघेणा ठरतो. घासून झाल्यावर स्वच्छ पाण्याने दोनदा धुवावे व ते पाणीही उपसून टाकावे.

आता पावडरीची वेळ. टाकी पाण्याने भरून लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीन राहील एवढी मात्रा द्यावी आणि शक्य असल्यास चोवीस तास तसेच ठेवावे. हजार लिटरला ५० ग्रॅम क्लोरीन लागतो. ताज्या पावडरीत तीस टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. घरात आणेपर्यंतची घट धरून तो पंचवीस टक्के मानला, तर पावडर २०० ग्रॅम लागेल. ती थेट टाकीत ओतू नये. बादलीत कालवून थांबावे, चुन्याचा साका तळाशी बसू द्यावा आणि वरचे नितळ पाणी तेवढे टाकीत सोडावे. गुठळ्या झालेली, ओलसर, वास उडालेली पावडर कितीही टाकली तरी निरुपयोगी; पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या पिशवीची हीच गत होते.

मोठ्या टाकीत एवढे पाणी वाया घालवणे जिवावर येते. तेव्हा दुसरी रीत वापरतात : वीस लिटरच्या बादलीत १६ ग्रॅम पावडर, म्हणजे लिटरमागे २०० मिलिग्रॅम क्लोरीन, आणि त्या पाण्याने भिंती व तळ अर्धा तास ओले ठेवायचे. हे काम करणाऱ्याला हातमोजे, चष्मा, योग्य मुखवटा आणि खेळती हवा मिळालीच पाहिजे. कोणतीही रीत असो, ते पाणी शेवटी काढून टाकून टाकी पुन्हा धुवावी. तीव्र क्लोरीनचे पाणी तुळशीला, बागेला वा विहिरीत जाऊ देऊ नये, आणि स्वयंपाकघरातील शुद्धीकरण यंत्राची नळी त्या काळात बंद ठेवावी. त्यातील पडदा क्लोरीनने खराब होतो.

डासांविषयीचा समज आपल्या वाचकांना विशेष जवळचा आहे. डास घाण पाण्यात होतात असे आपण मानतो. पण डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडिस डासाची मादी साठवलेल्या स्वच्छ पाण्याजवळच अंडी घालते. ती पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भिंतीला चिकटवते. टाकी कोरडी पडली तरी ही अंडी कित्येक महिने टिकतात आणि पाणी चढताच त्यांतून अळ्या बाहेर येतात. नुसते पाणी बदलून म्हणूनच काही साधत नाही. जीवहिंसा टाळण्याच्या दृष्टीने येथे औषध फवारण्यापेक्षा जाळी श्रेष्ठ. झाकण घट्ट बसवले आणि हवेच्या व जादा पाणी वाहून जाण्याच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधली, तर मादीला आत शिरताच येत नाही. पुढे मारण्याचा प्रसंगच उरत नाही. घासण्याचे काम चातुर्मासापूर्वी, उन्हाळ्याच्या अखेरीस उरकण्याचे हेही एक कारण आहे.

शेवटचा समज सर्वांत घातक आहे आणि तो सफाई करणाऱ्या माणसाशी संबंधित आहे. "ही पाण्याची टाकी आहे, गटार नव्हे, इथे कसला विषारी वायू?" असे म्हणून एखाद्या मजुराला थेट जमिनीखालच्या टाकीत उतरवले जाते. जीव जाण्यासाठी विषारी वायूच लागतो असे नाही. बंद टाकीत लोखंड गंजताना, सडणारे लाकूड व गाळ कुजताना हवेतला प्राणवायू खर्च होतो. मार्च २०२५ मध्ये मुंबईतील नागपाडा येथे बांधकाम चालू असलेल्या इमारतीची पाण्याची टाकी साफ करताना चार मजूर गुदमरून मरण पावले.

पेटता दिवा किंवा मेणबत्ती आत सोडून हवा तपासण्याची जुनी युक्ती अजून चालते. ती विसरावी. मोकळ्या हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो, १९.५ टक्क्यांखाली माणसाने उतरणे धोक्याचे. ज्योत मात्र साधारण १६ टक्क्यांपर्यंत तग धरते. म्हणजे दिवा तेवत असतानाही आतल्या माणसाला भोवळ येऊ शकते. कार्बन मोनॉक्साइडसारखा विषारी वायू दिव्याला दाखवताच येत नाही, आणि ज्वलनशील वायू असेल तर दिवाच स्फोट घडवतो.

आपल्याकडे कोणीही सफाईला आले, तरी झाकण उघडण्यापूर्वी विचारावे : हवा मोजण्याचे यंत्र आणले आहे काय? हवा आत ढकलणारा पंखा आहे काय? आत उतरणाऱ्याच्या अंगाला पट्टा व दोर आहे काय आणि तो दोर धरून बाहेर कोण थांबणार आहे? पेट्रोलवर चालणारा पंप टाकीत वा तिच्या तोंडाशी ठेवू देऊ नये, त्याचा धूर खाली साचतो. आणि आतला माणूस उत्तर देईनासा झाला, तर त्याच्यामागे कोणीही उडी घेऊ नये; अशा अपघातांत वाचवायला गेलेलेच अनेकदा दगावतात. पंखा चालू ठेवावा, दोराने त्याला वर ओढावे आणि १०१ क्रमांकावर अग्निशमन दलाला बोलवावे.