उंदीर न्हाले म्हणजे काय झाले?

आमच्या हिंडलग्याच्या घरात वाद व्हायला फार मोठे कारण लागत नाही. गेल्या पावसाळ्यात मात्र तो एका शब्दावरून झाला आणि दोन रविवार चालला. शब्द होता ‘न्हाले’.

बा. सी. मर्ढेकरांची पिपातल्या उंदरांची कविता तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत असेल. ती १९४७ च्या ‘काही कविता’ या संग्रहात आहे. त्या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला होता आणि मर्ढेकर त्यातून निर्दोष सुटले. कविता इथे देत नाही. पुस्तक जवळ असेल तर उघडून ठेवा, पुढचे वाचायला सोपे जाईल. उंदीर पिपात मरतात, इथून ती सुरू होते. शेवटी तेच उंदीर तिथेच ‘न्हाले’ असे म्हणून ती संपते. मेलेले न्हातील कसे?

निमित्त माझ्या भाचीचे. तिला कॉलेजात या कवितेवर बोलायचे होते. मी पुण्याहून सुट्टीला आलो होतो, म्हणून ती वही घेऊन माझ्याकडे आली. मी इंजिनिअर माणूस, पण मराठी शिकवणाऱ्याचा मुलगा. मी लगेच सांगून टाकले, “सोपं आहे गं. पहिल्याच ओळीत उंदीर ओले आहेत. शेवटी ते न्हाले म्हणतो, म्हणजे नुसते भिजलेत. मढ्यांवर पाणी आहे, एवढंच. बाकी सगळा उपहास.”

बाबा सोप्यावर आरामखुर्चीत होते. त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही, पण ऐकू सगळे येते. “ओले कुठं आहे त्यात? पुस्तक बघ की!”

पुस्तक काढले. वहीत ‘ओले’ होते, कारण भाचीने कविता फोनवर आलेल्या मजकुरातून उतरवून घेतली होती. छापील पानावर ‘ओल्या’ आहे. फरक एका मात्रेचा, पण माझा सगळा अर्थ त्यावर उभा होता. ‘उंदिर’ला लागणारे विशेषण ‘ओले’ झाले असते. ‘ओल्या’ हे रूप ‘पिपांत’ला लागते, मध्ये दुसरा शब्द आला तरी. म्हणजे ओले आहे ते पीप. उंदीर आधीपासून भिजलेले आहेत असे कवितेने कुठेच म्हटलेले नाही. पाणी पहिल्या ओळीपासून आहे, न्हाणे मात्र शेवटी घडते. माझा अर्थ तिथेच पडला.

मग बाबांनी त्यांचा सांगितला. वर्गात ते वर्षानुवर्षे हाच सांगत आले. हे मढ्याला घालतात ते शेवटचे स्नान. माणसासारखे जगायला न मिळालेल्यांना मेल्यावर अंघोळ मिळते, तीही पिपातल्या पाण्याची. त्यांचा आधार पहिल्या कडव्यात आहे. तिथे शरीराचे अवयव धुऊन घेतल्याचा उल्लेख येतो, म्हणजे धुण्याची तयारी कवीने आधीच केली आहे. मला हे पटत होते. दोन वर्षांपूर्वी आजी गेली तेव्हा मागच्या अंगणात तिला न्हाऊ घातले होते, तेही आठवत होते.

आई आत भाकऱ्या थापत होती. तिथूनच म्हणाली, “मेलेलं माणूस आपण होऊन न्हातंय होय? त्याला न्हाऊ घालतात.”

सगळे गप्प झालो. क्रियापद खरेच तसे आहे. दुसऱ्याने अंघोळ घातली असती तर ‘न्हाऊ घातले’ आले असते. ‘न्हाले’ म्हटले की करणारे तेच. छंदासाठी कवीने शब्द तोडला असेल असे बाबांनी म्हणून पाहिले, पण त्यांच्याच आवाजात जोर नव्हता. आणि धुण्याचा जो उल्लेख त्यांनी दिला, त्या वाक्याचा कर्ता दिवस आहे. धुऊन घेतो तो दिवस. उंदरांना कोणी धुतल्याचे त्यातून निघत नाही.

तिसरा अर्थ भाचीचा. म्हणजे तिच्या मनात तो होता, पण आजोबांसमोर बोलायला ती लाजत होती. शेवटच्या ओळीच्या आधी ओठांना ओठ लागतात. म्हणजे हे मीलनाचे न्हाणे, सुखात न्हाऊन निघणे. खटल्याची गोष्ट ठाऊक असणारा वाचक इकडे पटकन वळतो. पण ओठ या कवितेत दोनदा येतात, आणि ते शेजारी ठेवून बघायला हवे. पहिल्या वेळी ते ‘मिळाले’. लगेच माना पडतात, आणि त्यात आसक्ती नाही असे कविता स्वतः सांगते. शिवाय ‘मिळाले’ म्हणजे एकाचेच दोन ओठ मिटले, मरताना मिटतात तसे, असेही होऊ शकते. दुसऱ्या वेळी शब्द ‘लागले’ आहे. लागायला दुसरे कोणीतरी हवे. आणि या वेळी आसक्ती नसल्याचे कविता सांगत नाही. एवढ्यापुरती भाची बरोबर.

अडचण मधल्या ओळींची आहे. जगण्याचीही सक्ती, मरण्याचीही सक्ती असे म्हणून झाल्यावर विषारी डोळे येतात, ते काचेचे निघतात. ओठांवरचे मधाचे पोळे येते, ते बेकलाइटचे निघते. भाचीला बेकलाइट माहीत नव्हते. आमच्या माडीवर अजून काळी जुनी बटणे आहेत, ती दाखवली. हे सुरुवातीच्या काळातले कृत्रिम प्लास्टिक. एकदा साच्यात घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही. रेडिओच्या पेट्याही त्याच्या असत, आणि मर्ढेकर नोकरीला आकाशवाणीत होते. मध दिसतो, पण तो विरघळणार नाही, चाखता येणार नाही. अशा ओठांना ओठ लागले तर त्यातून कसले सुख?

आता दुसरी खूण. बेकलाइटचा शब्द कवीने लागोपाठ दोनदा घेतला आहे, उद्गारचिन्हासह. ‘न्हाले’सुद्धा तसाच दोनदा येतो. कानाला ती चाल आधीच खोटेपणाची म्हणून ओळखीची झालेली असते. त्यामुळे शेवटचा आनंदही त्याच मालाचा, असा माझा सुधारलेला अर्थ झाला. न्हातात तेच, पण न्हाणे नकली.

दुसऱ्या रविवारी भाचीने त्यालाही टाचणी लावली. “मामा, डोळे काचेचे म्हणताना ‘पण’ आहे. मधाचं खोटं आहे ते सरळ नाव घेऊन सांगितलंय. दिलेलं परत घ्यायचं असलं की कवी ते बोलून दाखवतो. शेवटच्या दोन ओळींत काय परत घेतलंय? काहीच नाही.”

मी पान पुन्हा पाहिले. नव्हते. सक्तीच्या ओळींतही ‘पण’ आहे, पण तिथे तो ‘सुद्धा’सारखा लागतो, त्याचा मला उपयोग नव्हता. माझ्या बाजूने उरली ती फक्त पुनरुक्तीची चाल. ती कमी नाही, आणि अजून मला तीच जड वाटते. पण तिच्या जोरावर मीलनाचा अर्थ संपूर्ण बाद करता येत नाही, हे मान्य करावे लागले.

मला जास्त लक्षात राहिले ते बाबांचे. जेवणे झाल्यावर त्यांनी त्यांची जुनी प्रत मागवली. त्या पानाच्या समासात त्यांच्या तरुणपणीच्या अक्षरात ‘अंत्यस्नान’ लिहिलेले होते, खाली दोन रेघा. “एवढ्या पोरांना सांगितलं रे मी हे,” म्हणाले. मग माझ्या हातात पेन्सिल दिली.

“खोडू?” मी विचारले.

“खोडू नको. शेजारी लिही, कर्ता उंदीर. आणि आईचं नाव घाल.”

मी तसे लिहिले. आईने ते वाचले, काही बोलली नाही, आणि भाकरीचे टोपले झाकायला आत गेली.