खाणीला ‘कायम’ नसते

कंपनीचे मूल्य रोख प्रवाहावरून काढताना पुढच्या पाच किंवा दहा वर्षांचे आकडे वर्षागणिक मांडले जातात. त्यापलीकडच्या सगळ्या काळासाठी एकच रक्कम धरली जाते, तिला टर्मिनल व्हॅल्यू म्हणतात. कंपनी त्यानंतर ठरावीक दराने कायम वाढत राहील, हे तिच्यामागचे गृहीतक. नागपुरात काटोल रोडवर मुख्यालय असलेल्या मॉइल या मँगनीज कंपनीच्या बाबतीत ‘कायम’ हाच शब्द अडचणीचा ठरतो.

आधी साधे गणित पाहू. आकडे काल्पनिक आहेत, मॉइलचे नाहीत. एखाद्या कंपनीच्या हाती सर्व खर्च, कर आणि नवी गुंतवणूक वजा जाता पहिल्या वर्षी 100 कोटी रुपये उरतात, आणि ही रक्कम पाचव्या वर्षापर्यंत दरवर्षी 10 टक्क्यांनी वाढते. डिस्काउंट रेट 12 टक्के धरला, तर या पाच वर्षांच्या पैशांचे आजचे मूल्य सुमारे 431 कोटी होते. पुढे कायमची वाढ 5 टक्के धरायची. सहाव्या वर्षीचे 153.7 कोटी भागिले 12 आणि 5 यांतला फरक, म्हणजे 7 टक्के. उत्तर 2,196 कोटी. पण ही पाचव्या वर्षअखेरची रक्कम आहे. ती आजच्या मोलात आणली की 1,246 कोटी उरतात. एकूण मूल्य 1,677 कोटी, आणि त्यातले 74 टक्के कोणीही तपशिलाने न मांडलेल्या काळातून आलेले.

हा वाटा पाहून दचकण्याचे मात्र कारण नाही. याच कंपनीचे आकडे पाचऐवजी दहा वर्षे मांडले आणि सहाव्या वर्षापासून वाढ 5 टक्केच ठेवली, तर टर्मिनल व्हॅल्यूचा वाटा 54 टक्क्यांवर येतो. एकूण मूल्य मात्र 1,677 कोटीच राहते. रेघ कुठे मारली, एवढेच वाटा सांगतो. रेघ पुढे सरकवून ‘आमचा अंदाज अधिक भक्कम’ असे सांगणाऱ्या अहवालाने खरे तर काहीच सिद्ध केलेले नसते.

धोका भाजकात आहे. कायमची वाढ 5 ऐवजी 6 टक्के लिहिली की भाजक 7 वरून 6 वर येतो, सहाव्या वर्षीची रक्कमही किंचित वाढते आणि एकूण मूल्य 1,898 कोटी होते. एका आकड्याच्या बदलाने 221 कोटी वाढले, आणि ते फुकट! प्रत्यक्षात वाढ फुकट मिळत नाही. त्यासाठी नफ्यातला काही भाग परत धंद्यात घालावा लागतो. नव्या भांडवलावर 12 टक्के परतावा मिळत असेल, तर 5 टक्के वाढीसाठी नफ्याच्या बारा भागांतले पाच भाग आणि 6 टक्क्यांसाठी अर्धा नफा गुंतवावा लागेल. तेवढी जादा गुंतवणूक वजा केली की सहाव्या वर्षी हाती 153.7 ऐवजी सुमारे 132 कोटीच उरतात. त्यांना 6 टक्क्यांनी भागले, तर उत्तर पुन्हा 2,196 कोटी. परतावा आणि डिस्काउंट रेट सारखेच असतील, तर वाढीने मूल्यात काहीच भर पडत नाही. म्हणूनच अहवाल तपासताना वाढीचा दर बदलला की गुंतवणूकही बदलली आहे का, हे आधी बघावे.

आता मॉइलकडे वळू. तिची मुळे 1896 मध्ये सुरू झालेल्या ब्रिटिश कंपनीत आहेत. 1962 मध्ये तिच्या खाणी नव्या सरकारी कंपनीकडे आल्या आणि डिसेंबर 2010 मध्ये तिचे शेअर बाजारात आले. नागपूर, भंडारा आणि मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यांत तिच्या खाणी आहेत. खाणीतला साठा मोजका असतो, आणि काढलेले खनिज परत भरून येत नाही. वरच्याच उदाहरणातली कंपनी खाणीची आहे आणि पाच वर्षांनंतर साठा आणखी 20 वर्षेच पुरेल असे धरले, तर तोच वाढीचा दर ठेवूनही एकूण मूल्य 1,334 कोटींवर येते. म्हणजे 20 टक्के मूल्य ‘कायम’ या शब्दातच होते.

यावर प्रतिवाद आहे, आणि तो पोकळ नाही. एक खाण संपली तरी शोधकामातून नवा साठा सापडू शकतो. सव्वाशे वर्षांहून जुनी ही परंपरा अजून चालू आहे, हाच त्याचा पुरावा. तसे मानायचे, तर विंधण, खोल शाफ्ट आणि नव्या जमिनीचा खर्च दरवर्षी वजा झाला पाहिजे. साठा अमर आणि शोधखर्च शून्य, असे दोन्ही एकाच तक्त्यात बसत नाही. म्हणून खाणींचे मूल्य काढताना ज्ञात साठा दरवर्षीच्या उत्पादनाने भागून वर्षे मोजतात आणि आकडे तिथपर्यंतच मांडतात.

शेवटच्या वर्षी तर चिन्हच उलटू शकते. खाण बंद करण्याचा आराखडा नियमाने बंधनकारक आहे. खड्डे भरणे, उतार सुरक्षित करणे, झाडे लावणे, हा खर्च उत्पन्न थांबल्यावरही करावा लागतो. यंत्रांच्या भंगारातून आणि मोकळ्या झालेल्या खेळत्या भांडवलातून तो निघाला नाही, तर त्या खाणीची टर्मिनल व्हॅल्यू शून्याच्याही खाली जाते.