बोका रेतीत बसतो, पण लघवी होत नाही

कोंढव्यातल्या आमच्या घरी शेरू नावाचा बोका आहे. वय चार वर्षे, वजन साडेचार किलो. गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी संध्याकाळी तो सारखा रेतीच्या ट्रेमध्ये जाऊन बसू लागला. जोर करायचा, बारीक ओरडायचा आणि बाहेर येऊन लघवीची जागा चाटत राहायचा. अम्मी म्हणाली, "पोट साफ होत नसेल, थोडं तूप दे." मी तूप दिले. रविवारी तो गप्प पडून होता. आम्हाला वाटले, आराम पडला. सोमवारी फजरच्या वेळी पाहिले तर पलंगाखाली उलटी होती आणि शेरूचे कान थंडगार पडले होते.

चूक तुपाची नव्हती, न बघण्याची होती. रेती चाळून पाहिली असती, तर शनिवारपासून लघवीचा एकही ओला गोळा नाही हे तेव्हाच कळले असते. मांजर रेतीत जोर करते तेव्हा आपल्याला आधी बद्धकोष्ठ आठवतो. बोक्याच्या बाबतीत आधी लघवीचा विचार करावा.

मांजरीपेक्षा बोक्याचा मूत्रमार्ग लांब असतो आणि टोकाकडे फारच अरुंद होतो. मूत्राशयाला सूज आली की चिकट स्राव आणि लघवीतले बारीक खडे मिळून तिथे बूच बसते. कधी खडाच अडकतो, तर कधी नुसत्या सुजेने आणि आकडीने वाट बंद होते. मग लघवी मागे तुंबते, मूत्रपिंडांचे काम थांबते आणि जे बाहेर जायचे ते रक्तात साठू लागते. त्यात सर्वांत घातक असते पोटॅशियम.

दवाखान्यात डॉक्टरांनी पोटाला हात लावला. मूत्राशय संत्र्याएवढे, दगडासारखे कडक झाले होते. दवाखान्यात आणलेल्या घाबरलेल्या मांजराचे हृदय मिनिटाला १६० ते २२० वेळा धडधडते. शेरूचे ठोके ११० होते. रक्तातले पोटॅशियम साधारण साडेतीन ते साडेपाच असावे, ते ८.४ निघाले. ते इतके वाढले की हृदयाला ठोक्याचा इशारा देणारी विजेची लहर मंदावते आणि हृदय एकाएकी थांबू शकते.

मला वाटले, आता लगेच नळी घालतील. पण अशा हृदयावर भुलीचे औषध झेपले नसते. म्हणून आधी शिरेतून सलाईन सुरू झाले. मग ईसीजीवर नजर ठेवून कॅल्शियम ग्लुकोनेटचे सुमारे चार मिली औषध दहा मिनिटांत हळूहळू दिले. कॅल्शियमने पोटॅशियम कमी होत नाही. ते फक्त अर्ध्या तासापुरते हृदयाला सांभाळते. तेवढ्या वेळात इन्सुलिन दिले, त्यामुळे रक्तातले पोटॅशियम पेशींमध्ये शिरते. साखर उतरू नये म्हणून सोबत ग्लुकोज दिले. ठोके वाढल्यावरच गुंगी देऊन बारीक नळी घातली आणि बूच मोकळे केले. पोटॅशियम खऱ्या अर्थाने शरीराबाहेर जाते ते लघवी वाहू लागल्यावरच.

धोका इथे संपत नाही. वाट मोकळी झाली की लघवी इतकी होऊ शकते की मांजर कोरडे पडते आणि पोटॅशियम उलट कमी होते. म्हणून शेरूची नळी दोन दिवस ठेवली. दर काही तासांनी लघवी मोजून त्या प्रमाणात सलाईन दिले. नळी काढल्यावर तो स्वतः लघवी करतो हे पाहूनच घरी सोडले.

पुन्हा अडण्याची भीती पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असते, पण ती पुढेही राहते. त्यावर मोठा उपाय पाणी. आम्ही कोरडे दाणे कमी करून ओले अन्न वाढवले आणि घरात तीन ठिकाणी पाण्याचे पसरट भांडे ठेवले. लघवीत स्ट्रुव्हाइटचे खडे आढळल्याने डॉक्टरांनी खास आहार लिहून दिला. तो तपासणीशिवाय आपल्या मनाने सुरू करू नये, कारण प्रत्येक खड्याचा आहार वेगळा असतो. ताणानेही हा त्रास उलटतो. म्हणून मांजरे जितकी, त्याहून एक ट्रे जास्त ठेवावा, तो शांत जागी असावा, आणि घरात पाहुणे आले की मांजराला लपायला कोपरा मिळावा. एवढे करूनही वारंवार अडत असेल, तर मूत्रमार्गाचे तोंड रुंद करण्याची शस्त्रक्रिया असते. त्यानंतर वाट अडण्याचा धोका बराच घटतो, मात्र लघवीच्या संसर्गाकडे लक्ष ठेवावे लागते.

बोका जोर करतोय आणि रेती कोरडी आहे, असे दिसले तर सकाळची वाट पाहू नका. पोट दाबू नका, मूत्राशय फुटू शकते. लघवी वाढवणारे औषध देऊ नका, आणि माणसांची पॅरासिटामॉल तर मुळीच नको, ती मांजराला विषच आहे. पिशवीत किंवा टोपलीत ठेवून तडक दवाखाना गाठा. आमच्याकडे आता रेती रोज सकाळी चाळली जाते, आणि ओले गोळे मोजायचे काम धाकट्याने स्वतःहून घेतले आहे.