एकपदरी ठोकळा नेमके काय मोजतो?

थ्रीडी प्रिंटरमध्ये एक्स्ट्रूडरच्या, म्हणजे फिलामेंटची तार दातेरी चाकाने पुढे ढकलणाऱ्या भागाच्या, स्टेप्स आणि फ्लो, म्हणजे नोझलमधून येणाऱ्या प्लास्टिकच्या प्रमाणाची टक्केवारी, ही दोन वेगळी मापे आहेत. बहुतेक गैरसमज ती एकच मानल्याने होतात.

गैरसमज १ : एकपदरी ठोकळ्याची भिंत जाड आली की एक्स्ट्रूडरच्या स्टेप्स कमी कराव्यात.

वस्तुस्थिती : एक मिलिमीटर तार ढकलण्यासाठी मोटरने किती सूक्ष्म पावले टाकावीत हे स्टेप्सचे मूल्य सांगते. ते यंत्राचे माप असल्यामुळे ते ठोकळ्यावरून नव्हे, तर तारेवरच मोजावे लागते. नोझल तापवून एक्स्ट्रूडरच्या तोंडापासून १२० मिमीवर तारेवर खूण करावी आणि १०० मिमी तार सावकाश ढकलावी. खूण तोंडापासून २६ मिमीवर राहिली, तर तार ९४ मिमीच सरकली असे ठरते. मूळ मूल्य ९३ असेल, तर ९३ × १०० ÷ ९४ म्हणजे सुमारे ९८.९४ हे नवे मूल्य येते. मार्लिन फर्मवेअरमध्ये ते असे नोंदवून जतन करतात :

```
M92 E98.94
M500
```

गैरसमज २ : नोझल ०.४ मिमीचे असेल, तर भिंतही ०.४ मिमीच यायला हवी.

वस्तुस्थिती : भिंतीची तुलना नोझलशी नव्हे, तर स्लायसरमध्ये, म्हणजे आकृतीचे थर पाडणाऱ्या प्रोग्राममध्ये, ठरवलेल्या रेषेच्या रुंदीशी करायची असते. स्टेप्स दुरुस्त झाल्यावर आतून पोकळ, वरून उघडा, एकाच रेषेच्या भिंतींचा ठोकळा छापावा आणि कोपरे, सांधा व तळाचे थर टाळून चारही बाजूंची जाडी कॅलिपरने मोजावी. रुंदी ०.४५ मिमी, फ्लो १०० टक्के आणि मापे ०.४७, ०.४८, ०.४७, ०.४८ असतील, तर सरासरी ०.४७५ येते आणि १०० × ०.४५ ÷ ०.४७५ या हिशेबाने फ्लो सुमारे ९५ टक्के ठरतो. याच हिशेबात चुकून ०.४५ ऐवजी ०.४० धरले, तर उत्तर ८४ टक्के येईल आणि छापलेल्या वस्तूच्या रेषांमध्ये फटी राहतील.

गैरसमज ३ : एकदा काढलेला फ्लो सर्व रिळांना चालतो.

वस्तुस्थिती : १.७५ मिमीची तार प्रत्यक्षात १.७० मिमी असेल, तर तिचे छेदक्षेत्र, आणि म्हणून प्लास्टिकही, सुमारे साडेपाच टक्क्यांनी घटते. तसेच परळसारख्या समुद्राजवळच्या वस्तीत पावसाळ्यात उघडे राहिलेले रीळ ओलावा शोषते. मग नोझलमध्ये ओलाव्याची वाफ होऊन प्लास्टिक फुगते, भिंत खडबडीत होते आणि कॅलिपर फक्त उंचवट्यांवर टेकल्याने जाडी खऱ्याहून अधिक दिसते. म्हणून रीळ आधी सुकवणे आवश्यक असते.

शिवाय ०.४५ मिमीच्या भिंतीत ०.०२ मिमीची चूकही चार टक्क्यांहून मोठी असल्यामुळे, ठोकळ्याचे उत्तर पहिला अंदाज मानून एक भरीव चौकोन छापावा. त्याच्या वरच्या थरात फटी दिसल्यास फ्लो एकेक टक्क्याने वाढवावा आणि रेषांच्या कडा उचलल्या गेल्यास तसाच कमी करावा.